फीचे पैसे कटले, फॉर्मवर मात्र ‘अनपेड’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगाखेडला माझं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं सेंटर आहे. बारावीचा निकाल लागला, की सीईटी, विद्यापीठाचे प्रवेश आणि भरतीचे फॉर्म एकावर एक येतात आणि रात्री साडेआठ-नऊच्या सुमाराला ठरलेला फोन येतो: “दादा, पैसे कट झाले, पण फॉर्मवर अनपेडच दाखवायलंय. आता काय करावं?” फोनवर हे सगळं सांगता येत नाही. घाबरलेलं लेकरू तोवर दुसऱ्यांदा पैसे भरून मोकळंही झालेलं असतं. म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहून ठेवतो. यूपीआय किंवा कार्डने गेटवेमार्फत भरलेल्या फीबद्दलच हे आहे. बँकेत रोख चलन भरण्याचा विषय वेगळा.

खात्यातून पैसे गेले, मग पोर्टलला ते का कळलं नाही?

कारण पैसे जाण्याचा रस्ता वेगळा आणि ‘पैसे मिळाले’ हा निरोप येण्याचा रस्ता वेगळा. जुन्या माणसांना मनिऑर्डर आठवत असेल. पैसे गावी पोचायचे, पण सहीची पोच परत यायला वेळ लागायचा. इथेही तेच होतं.

तुम्ही ‘पे’चं बटण दाबलं, की पोर्टल एक ऑर्डर नंबर तयार करतं आणि तुम्हाला पेमेंट गेटवेच्या पानावर पाठवतं. गेटवे म्हणजे संस्थेच्या वतीने पैसे गोळा करणारी मधली कंपनी. तिथे तुम्ही क्यूआर स्कॅन करता किंवा कार्डाचा नंबर टाकता. पैसे तुमच्या बँकेतून गेटवेच्या बँकेत जातात. पोर्टलला याची पोच दोन वाटांनी मिळू शकते. एक वाट तुमच्याच ब्राउझरमधून जाते. ‘हे पान बंद करू नका, बॅक दाबू नका’ असं जे लिहून येतं, ते याचसाठी. दुसऱ्या वाटेने गेटवेचा सर्व्हर थेट पोर्टलच्या सर्व्हरला कळवतो.

पहिली वाट फार नाजूक आहे. साधा मोबाईल असेल, तर यूपीआय अ‍ॅप उघडताच मागचं ब्राउझरचं पान बंद पडतं आणि परत आल्यावर पोर्टल पुन्हा लॉगिन मागतं. जूनमध्ये वारं सुटलं, लाईट गेली, की टॉवरची रेंजही जाते. कधी क्यूआरखाली चाललेलं घड्याळ संपल्यावर कोणी पिन टाकतो. दुसरी वाट त्या मानाने पक्की असते. पण शेवटच्या दिवसांत पोर्टलवर गर्दी झाली, की त्याचा सर्व्हर तो निरोप घ्यायलाच जागेवर नसतो. दोन्ही निरोप हुकले, की फॉर्म ‘अनपेड’ राहतो.

माझे पैसे नेमके कुठे अडकले, हे कसं ओळखायचं?

बँकेचा मेसेज बाजूला ठेवा. त्यातून एवढंच कळतं, की तुमच्या खात्यातून पैसे निघाले. ज्या यूपीआय अ‍ॅपमधून पैसे भरले, त्यात जुन्या व्यवहारांची यादी उघडा आणि त्या व्यवहारावर बोट ठेवा.

तिथे व्यवहार ‘पेंडिंग’ किंवा ‘प्रोसेसिंग’ असेल, तर पैसे अजून पुढे पोचल्याची खात्री नाही. अशा वेळी बँकांचा आपसात हिशेब लागतो आणि व्यवहार एक तर पूर्ण होतो किंवा पैसे परत येतात. ‘फेल्ड’ असूनही रक्कम वजा झालेली दिसत असेल, तर ती परत यायची आहे. या पैशाने तुमची फी भरली जाणार नाही, फी पुन्हा भरावी लागणार.

‘सक्सेस’ दिसत असेल आणि खाली बारा आकडी यूटीआर नंबर असेल, तर पैसे समोरच्या बँकेत पोचले आहेत. आता अडलंय ते गेटवे आणि पोर्टलच्या मध्ये. पोर्टल दुसऱ्या दिवशी गेटवेकडून पैशाची खातरजमा करून घेतं, ते व्हेरिफिकेशन खऱ्या अर्थाने याच स्थितीसाठी असतं. काही अ‍ॅप हा नंबर ‘यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी’ किंवा ‘रेफरन्स नंबर’ या नावाने दाखवतात. शेजारी अक्षरं आणि आकडे मिसळलेला एक लांबलचक नंबरही असतो, तो अ‍ॅपचा स्वतःचा. बँकेला हवा असतो तो बारा आकडी.

पैसे कुणाच्या नावावर गेले, तेही त्याच पडद्यावर पाहून घ्या. संस्थेचं किंवा गेटवेचं नाव असायला हवं. तिथे एखाद्या माणसाचं नाव दिसलं, तर पैसे पोर्टलच्या वाटेने गेलेलेच नाहीत. मग व्हेरिफिकेशनची वाट बघण्यात अर्थ नाही.

‘दुसऱ्या दिवशी व्हेरिफाय होईल’ म्हणजे नेमकं काय होतं?

पोर्टलकडे रात्री दोन ढीग असतात म्हणा. एकात भरलेल्या ऑर्डर, दुसऱ्यात निकाल न कळलेल्या. गेटवेकडे त्याच दिवसाची स्वतःची यादी असते. तिच्या प्रत्येक ओळीत ऑर्डर नंबर, रक्कम, वेळ आणि पैसे आले की नाही, एवढं असतं. दिवस संपला, की ही यादी पोर्टलकडे जाते आणि निकाल न कळलेल्या ऑर्डर तिच्याशी ताडून पाहिल्या जातात. ऑर्डर नंबर जुळला, रक्कम जुळली आणि गेटवेच्या यादीत पैसे आलेले असले, की फॉर्मवर ‘पेड’ लागतं. तुम्ही काहीही न करता सकाळी फॉर्म आपोआप ‘पेड’ झालेला दिसतो, तो यामुळे.

चांगल्या पोर्टलना दिवस संपण्याची वाटही पाहावी लागत नाही. त्यांचा सर्व्हर अडकलेल्या ऑर्डरबद्दल गेटवेला थोड्या थोड्या वेळाने स्वतःच विचारतो. यालाच डबल व्हेरिफिकेशन म्हणतात. अशा ठिकाणी संध्याकाळी भरलेली फी तासाभरात जागेवर येते. उलट काही संस्थांत ती यादी कार्यालयातला माणूस हाताने चढवतो. तिथे ‘दुसरा दिवस’ म्हणजे कामाचा दुसरा दिवस. शनिवारी रात्री भरलेली फी सोमवारी दुपारनंतर दिसली, तर नवल नाही. मध्ये बँकेची सुट्टी आली, तर आणखी एक दिवस धरा.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ही जुळणी तुमच्या नावावरून होत नाही. ती ऑर्डर नंबरवरून होते आणि ऑर्डर नंबर तुमच्या अर्ज क्रमांकाला बांधलेला असतो. म्हणून फी अडकली म्हणून नवीन रजिस्ट्रेशन करू नका. नव्या अर्जाला पैशाचा पत्ताच नसतो. सकाळी जुना अर्ज ‘पेड’ होतो आणि विद्यार्थी नव्या अर्जात ‘अनपेड’ बघत बसतो. जुन्या अर्जाचा पासवर्डही तोवर हरवलेला असतो. ही चूक मी दरवर्षी बघतो आणि ती निस्तरणं अडकलेल्या फीपेक्षा कितीतरी अवघड जातं.

एखादं उदाहरण सांगाल का?

मागच्या हंगामातली गोष्ट. एका खेड्यातली मुलगी, घरूनच वडिलांच्या मोबाईलवर फॉर्म भरत होती. फी १,००० रुपये, शेवटच्या तारखेला तीन दिवस बाकी. मंगळवारी रात्री ८ वाजून ४२ मिनिटांनी तिने क्यूआरचा फोटो काढला, तो यूपीआय अ‍ॅपमध्ये टाकला आणि पिन दिला. अ‍ॅपवर चक्र फिरत राहिलं. ब्राउझरवर परत आली, तर पोर्टलने लॉगिन मागितलं. लॉगिन केलं, तर ‘अनपेड’. तिने ८ वाजून ५० मिनिटांनी पुन्हा ‘पे’ दाबलं. या वेळी पिन देण्याआधीच रेंज गेली. तेवढ्यात पहिल्या वेळचे पैसे कटल्याचा मेसेज आला आणि तिने मला फोन केला.

मी म्हणालो, “आता कशालाच हात लावू नको. सकाळी मोबाईल घेऊन ये.”

बुधवारी साडेअकराला वडील आणि ती दोघं आले. अ‍ॅपमध्ये पहिला व्यवहार ‘सक्सेस’ होता, यूटीआर होता आणि नाव संस्थेचं होतं. दुसरा व्यवहार अ‍ॅपमध्ये नव्हताच. पोर्टलच्या मुख्य पानावर मात्र ठळक लाल अक्षरात ‘पेमेंट फेल्ड’. वडिलांचा चेहरा उतरला. मी ‘पेमेंट हिस्ट्री’ उघडली. तिथे दोन ओळी होत्या, दोन वेगळ्या ऑर्डर नंबरच्या. मुख्य पान फक्त शेवटच्या प्रयत्नाचा निकाल दाखवत होतं, म्हणजे ८ वाजून ५० मिनिटांच्या त्या फसलेल्या ऑर्डरचा. ८ वाजून ४२ मिनिटांच्या ऑर्डरपुढे ‘पेंडिंग’ होतं आणि शेजारी ‘व्हेरिफाय’चं छोटं बटण. ते दाबलं, पाच-सात सेकंद गेले आणि त्या ओळीवर ‘सक्सेस’ आलं. मुख्य पान पुन्हा उघडलं, तर ‘पेड’.

ती रात्रीच तिसऱ्यांदा भरायला गेली असती, तर वडिलांचे आणखी हजार रुपये अडकले असते. आणि त्या बटणाकडे कुणी पाहिलंच नसतं, तर फॉर्म ‘पेड’ व्हायला कदाचित गुरुवार उजाडला असता.

मग परत पैसे भरायचे की थांबायचं?

शेवटच्या तारखेला दोन किंवा जास्त दिवस असतील आणि अ‍ॅपमध्ये ‘सक्सेस’ असेल, तर थांबा. कामाच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबायला हरकत नाही. मधल्या वेळात पोर्टलवर ‘व्हेरिफाय पेमेंट’, ‘चेक स्टेटस’ किंवा ‘पेमेंट हिस्ट्री’ अशा नावाची जागा शोधा आणि ज्या ऑर्डरचे पैसे गेले, तीच ओळ तपासा. ‘पे नाऊ’ आणि ‘व्हेरिफाय’ ही बटणं बऱ्याचदा शेजारी असतात, वाचून दाबा.

अ‍ॅपमध्ये ‘पेंडिंग’ असेल, तरीही निदान सकाळपर्यंत थांबा, कारण तो व्यवहार रात्रीतून पूर्ण होऊ शकतो. ‘फेल्ड’ असेल, तर थांबून उपयोग नाही. नव्याने भरा, पण दुसऱ्या खात्यातून किंवा दुसऱ्या पद्धतीने भरलेलं बरं. एका बँकेचा सर्व्हर रात्री बसला असेल, तर तिथूनच तीनदा प्रयत्न केले तरी तीनदा तेच होणार.

थांबताना दोन्हीकडे नजर ठेवा, पोर्टलवरही आणि खात्यावरही. क्यूआरचं घड्याळ संपल्यावर पैसे पोचले, तर गेटवे ते उशिरा आलेले समजून परतही पाठवू शकतो. पैसे परत आले आणि तुमच्या लक्षातच आलं नाही, तर तुम्ही ‘पेड’ची वाट बघत राहाल आणि तारीख निघून जाईल.

आजच शेवटची तारीख आहे आणि रात्रीचे दहा वाजलेत. आता?

इथे माझं उत्तर बदलतं. आधी ‘व्हेरिफाय’ दाबून बघा. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. तरीही ‘अनपेड’ असेल, पोर्टल फी घेत असेल आणि घरात तेवढे पैसे असतील, तर दुसऱ्या पद्धतीने पुन्हा भरा. दुबार फी परत मागता येते, हुकलेली तारीख मागता येत नाही. जेईई मेनसारख्या परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या माहितीपत्रकात तर स्पष्ट लिहिलेलं असतं, की अडचण सुटली नाही तर पुन्हा फी भरायला सांगितलं जाऊ शकतं आणि दुबार आलेली रक्कम हिशेब लागल्यावर, ज्या मार्गाने भरली त्याच मार्गाने परत केली जाते. तुमच्या फॉर्मच्या जाहिरातीत काय लिहिलंय, ते फीच्या परिच्छेदात बघा. सगळ्यांचे नियम एक नसतात.

पुन्हा भरायला पैसेच नसतील, आणि आपल्याकडे अनेक घरांत नसतात, तर रात्री बारा वाजण्याआधी हेल्पडेस्कला मेल पाठवून ठेवा. उत्तर सकाळी आलं तरी चालेल. मुदतीच्या आत पैसे गेले होते आणि मुदतीच्या आतच तुम्ही कळवलं होतं, हे त्या मेलच्या वेळेवरून दिसतं. त्याने काम होईलच असं वचन मी देऊ शकत नाही. काही संस्था व्यवहाराची वेळ धरतात, काही पोर्टलवर ‘पेड’ लागल्याची वेळ. पण तारीख उलटल्यावर पाठवलेल्या मेलपेक्षा या मेलला नक्कीच वजन असतं.

‘पेड’ झालं. आता झालं ना सगळं?

बऱ्याचदा नाही. अनेक पोर्टलवर फीनंतरही ‘फायनल सबमिट’ची पायरी राहते. फी नेहमीसारखी भरली, की पोर्टल तुम्हाला हाताला धरून पुढच्या पानावर नेतं. व्हेरिफिकेशनने ‘पेड’ झालं, तेव्हा तुम्ही पोर्टलवर नव्हताच, त्यामुळे फॉर्म त्याच पायरीवर उभा राहतो. वरच्या उदाहरणातल्या मुलीचंही तसंच होतं. ‘पेड’ आल्यावर वडील उठून निघाले होते, मी त्यांना थांबवून सबमिट करून घेतलं. ‘कन्फर्मेशन पेज’ किंवा भरलेला अर्ज पीडीएफमध्ये उतरला आणि त्यावर फीचा तपशील छापून आला, म्हणजे काम झालं.

दोन दिवस झाले, तरी ‘अनपेड’च आहे. कुणाला सांगायचं?

आधी संस्थेच्या हेल्पडेस्कला, त्याच वेळी आपल्या बँकेला. बहुतेक जण फक्त मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवतात आणि ‘सर प्लीज लवकर करा’ एवढंच लिहितात. त्यावर समोरच्या माणसाला काहीही शोधता येत नाही. त्याच्या पडद्यावर शोधायचा रकाना असतो तो ऑर्डर नंबरचा किंवा अर्ज क्रमांकाचा. मेल असा लिहा:

“अर्ज क्रमांक अमुक. नोंदणीचा मोबाईल अमुक. अमुक तारखेला रात्री ८.४२ वाजता १,००० रुपये फी यूपीआयने भरली. ऑर्डर नंबर अमुक, यूटीआर अमुक. माझ्या अ‍ॅपमध्ये व्यवहार यशस्वी दिसतो, पोर्टलवर अनपेड आहे. आजपर्यंत रक्कम परत आलेली नाही. सोबत अ‍ॅपमधील व्यवहाराचं पान आणि खात्याच्या उताऱ्यातली ती नोंद जोडली आहे. कृपया गेटवेकडून पडताळून अर्ज अद्ययावत करावा.”

‘रक्कम परत आलेली नाही’ हे वाक्य खातं पाहूनच लिहा. उताऱ्यात बाकीचे व्यवहार झाकलेत तरी चालतात. त्याच विषयावर रोज नवा मेल करू नका, पहिल्याच मेलला उत्तर देत पुढे लिहा, म्हणजे तक्रार एका जागी राहते. पिन, ओटीपी किंवा कार्डामागचे तीन आकडे कुठल्याही मेलमध्ये लिहायचे नाहीत.

फी भरली गेलीच नाही, तर पैसे किती दिवसांत परत यायला हवेत?

रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९ चा आदेश यासाठीच आहे. खात्यातून पैसे गेले, पण ज्याला द्यायचे त्याच्याकडे व्यवहाराची खात्री पोचली नाही, अशा यूपीआयच्या किंवा कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारात रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. हे दिवस कॅलेंडरचे मोजायचे, सुट्ट्या वगळायच्या नाहीत. त्याहून उशीर झाला, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता मिळायला हवी.

म्हणजे मंगळवारी रात्री अडकलेले पैसे रविवारपर्यंत परत यायला हवेत. नाही आले, तर सोमवारी यूपीआय अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहारावर तक्रार नोंदवा आणि शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. अर्जात या आदेशाची तारीख घाला. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत.

मात्र पहिलाही व्यवहार ‘सक्सेस’ आणि दुसराही ‘सक्सेस’ असेल, म्हणजे फी खरोखर दोनदा संस्थेकडे पोचली असेल, तर हा पाच दिवसांचा नियम लावता येत नाही. ती रक्कम संस्था स्वतःच्या हिशेबाने परत करते. त्याला आठवडे लागतात, आणि कधी कधी अर्जही करावा लागतो.

फी सेंटरवाल्याच्या खात्यातून भरली होती. पैसे परत आले तर कुणाकडे येतात?

ज्या खात्यातून गेले, त्याच खात्यात, म्हणजे सेंटरवाल्याकडे. अनेक आईवडील रोख पैसे देऊन जातात आणि पुढचं त्यांना कधी कळतच नाही. काही वर्षांपूर्वी एका मुलाची फी माझ्या खात्यातून दोनदा गेली. दुबार रक्कम परत आली तेव्हा दिवसाला शंभर व्यवहार चालू होते. ती कुणाची, हे मला दीड महिन्याने कळलं. त्या मुलाच्या आईने तेवढे पैसे उसने काढले होते. तेव्हापासून मी वहीत अर्ज क्रमांक, यूटीआर आणि घरच्यांचा मोबाईल लिहितो आणि त्या पानाचा फोटो त्यांना देतो. तुमच्या सेंटरवाल्याकडे यूटीआर मागा. तो द्यायला त्याला काही अडचण असायचं कारण नाही.

‘कस्टमर केअर’ म्हणून कुणाचा तरी फोन आलाय, पैसे परत मिळवण्यासाठी अ‍ॅप टाका म्हणतोय.

फोन ठेवा. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि आपला पडदा दुसऱ्याला दाखवणारं अ‍ॅप घ्यावं लागत नाही. हेल्पडेस्कचा नंबर गुगलवर शोधलेला नको, फॉर्मच्या जाहिरातीतून किंवा पोर्टलच्या पानावरूनच घ्या. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.